मेथीचं पाणी सकाळपुरतंच

चमचाभर मेथी खलबत्त्यात जाडसर भरडायची, कपभर गार पाण्यात घालून रात्री झाकून ठेवायची. सकाळी गाळताना पाण्याला तार सुटलेली दिसते. अख्खे दाणे भिजवले तर ही तार फारशी येत नाही, कारण बुळबुळीत भाग सालीच्या आत, डाळिंब्यांभोवतीच्या थरात असतो. तिथं साखरेच्या लांबलचक साखळ्या असतात; त्या पाणी धरून फुगतात आणि गार पाण्यातही विरघळतात. भरड मात्र पिठासारखी बारीक नको. पिठाच्या गुठळ्या होतात आणि त्यांचा आतला भाग कोरडाच राहतो.

आयुर्वेदात अशा भिजवणीला ‘हिम’ म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत एक भाग औषधाला सहा भाग पाणी, रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं, असं माप आहे. मेथी इतकं पाणी स्वतःच पिऊन टाकते, म्हणून तिला त्याहून बरंच जास्त लागतं. युरोपातल्या मार्शमॅलोचं मूळ (आपल्याकडे अत्तारांकडे मिळणारं रेशा खतमी) गारच भिजवतात, याला वेगळं कारण आहे. त्या मुळात स्टार्चही भरपूर असतो. उकळलं की तो शिजून त्याची खळ होते. गार पाण्यात स्टार्च मागे राहतो आणि चिकट द्रव तेवढा उतरतो.

पण उकळलं नाही म्हणजे दाण्यावरचे जंतूही जिवंत राहिले. त्यांना पाण्यात साखर मिळते, मेथीतली प्रथिनं मिळतात, आणि अडवायला आंबटपणा, मीठ, दारू काहीच नसतं. द्रव घट्ट दिसला तरी तो जवळजवळ सगळा पाणीच असतो, त्यामुळे घट्टपणाचा जंतूंना अडथळा होत नाही. मेच्या उकाड्यात तर ओट्यावरचं भांडं त्यांना फारच मानवतं. डोशाच्या पिठात मेथी घालतो ती हेच आंबणं हवं असतं म्हणून; इथं ते नको असतं.

बिघाड वासाआधी तारेत दिसू शकतो. जंतू साखळ्या तोडतात, म्हणून काल घट्ट असलेलं पाणी आज पातळ होतं. मग फेस, बुडबुडे, आंबूस वास. पण वास आला नाही म्हणजे पाणी चांगलं, असं नाही. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, तिचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत लागला. ते दाणे मोड आणून कच्चे खाल्ले होते. सुमारे पन्नास माणसं दगावली. जंतू दाण्यावरच असावेत, आणि ओल व ऊब मिळाली की ते वाढतात.

दारू घालून टिकवावं म्हटलं तर चिकट द्रव साकळून खाली बसतो. खतमीचा पाक टिकतो, पण त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. तेव्हा उन्हाळ्यात भांडं रात्री फ्रिजमध्येच ठेवा, गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा आणि उरलेलं झाडाला घाला.