बांधकामावरील मृत्यू आणि विमा कंपनीला सूचना

परांचीवरून पडून कामगार दगावला की मालकाने विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे. शवविच्छेदन अहवालासाठी थांबू नये, तो मागाहून देता येतो. पत्रात पॉलिसी क्रमांक, अपघाताची वेळ, जागा, मृताचे काम, वय आणि पगार हवा. भरपाई वय-पगारावरच ठरते: तिशीतल्या, बरोबर 30 वर्षांच्या, 12,000 रुपये पगाराच्या कामगारासाठी निम्मा पगार गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये. खरी अडचण पोटकंत्राटदाराच्या माणसांची. भरपाईची जबाबदारी मुख्य कंत्राटदारावरही येते, पण पॉलिसीत ती माणसे दाखवलेली नसतील तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. रक्कम आयुक्तांकडे महिन्याभरात जमा व्हावी. विनाकारण उशीर झाल्यास निम्म्यापर्यंत दंड होतो आणि तो सहसा मालकालाच भरावा लागतो.