घरातला कापूस आणि मनातला भाव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2023 सालचा जून महिना. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी गेलो, तर पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. छताला टेकेल इतका कापूस भरलेला. घरातली लहान मुलं अंग खाजवत होती, कारण फार दिवस साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते. वहिनी म्हणाल्या, "पाहुण्यांना बसवायचं कुठे, ते तुमच्या अण्णांना विचारा." अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. ते ओट्यावर गप्प बसून होते.

त्या वर्षी अशी खोली एकट्या आमच्या घरात नव्हती. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत, तिकडे विदर्भ-मराठवाड्यातही, हजारो घरांत दिवाळीचा कापूस पावसाळ्यापर्यंत पडून होता. एवढी जाणती माणसं एकाच वेळी कशी काय थांबून राहिली, हे मला त्यानंतर बरेच दिवस कोडं वाटत होतं.

थांबण्यामागे कारण नव्हतं असं नाही. आदल्या, म्हणजे 2021-22 च्या हंगामात ज्यांनी कापूस रोखून धरला, ते जिंकले होते. जानेवारी 2022 मध्ये भाव क्विंटलला 10 हजारांवर गेला, उन्हाळ्यात 12 हजारांच्या पुढे सरकला. दिवाळीत विकून मोकळे झालेले लोक हळहळले. त्यामुळे पुढच्या दिवाळीला व्यापारी दारात येऊन 8,900 देऊ लागला, तेव्हा अण्णांनी हसून मान हलवली. खोलीत 30 क्विंटल होता. "वाढी, भाऊ, वाढी," असं गावात जो तो म्हणत होता.

अण्णांना वही लिहायची सवय आहे. ती वही मी त्या दिवशी चाळली. ऑक्टोबरच्या पावसानं बोंडं भिजली, माल कमी येणार, अशी एक नोंद. परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क, जे एप्रिल 2022 मध्ये उठवलं होतं, ते नोव्हेंबरपासून पुन्हा लागू झालं, ही दुसरी. कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं पिकाचा अंदाज घटवला, ही तिसरी. आणि तो अंदाज महिन्यामागून महिना घटतच गेला, म्हणून तशाच आणखी दोन-तीन. बाजारात आवक फार कमी आहे, ही नोंद तर दर आठवड्याला. यातलं काहीही खोटं नव्हतं. वहीत लबाडी नव्हती. फक्त भाव वाढेल असं सांगणाऱ्या गोष्टीच तिथे उतरल्या होत्या.

जे उतरलं नाही ते असं. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात मे 2022 मध्ये कापूस पौंडाला 150 सेंटच्या वर होता, तो ऑक्टोबरअखेर 75 सेंटच्या खाली आला, म्हणजे निम्म्यावर. नंतर थोडा सावरला, पण 80-85 च्या आसपासच घुटमळत राहिला. देशातून सुताची निर्यात आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्मी झाली. ही बातमी त्याच वर्तमानपत्रात, बहुधा त्याच पानावर छापून येत होती.

आणि एक खूण तर दारातच होती. नोव्हेंबरमध्ये खेडा खरेदीचा व्यापारी आपणहून फोन करायचा, गाडी घेऊन यायचा, संध्याकाळी रोख मोजून द्यायचा. जानेवारीत बोलावल्यावर येऊ लागला. फेब्रुवारीत माल हातात घेऊन ओल आणि कवडी दाखवू लागला. मार्चमध्ये म्हणाला, "घेऊन या, बघू." भाव विचारला तर तो आकडा सांगायचा, आणि आपण तो आकडा लक्षात ठेवायचो. पण त्या आकड्याला तो किती माल उचलतो, हे कोणी विचारत नव्हतं. बाजार थंड व्हायला लागतो तो असा. भाव खाली येण्याआधी घेणाऱ्याची घाई कमी होते.

"गाडी येईनाशी झाली, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" असं मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "वाटलं, व्यापारी मुद्दाम दडून बसलाय. आपण थकून विकू याची वाट पाहतोय. म्हणजे त्याला ठाऊक आहे, की पुढे तेजी आहे." आता बघा. गाडी आली तर मागणी आहे, म्हणून भाव वाढणार. गाडी नाही आली तर डाव आहे, म्हणूनही भाव वाढणार. मग भाव पडणार असं सांगायला गाडीनं करायचं तरी काय?

आवकेची गोष्ट याहून मजेची, आणि थोडी दुःखाची. बाजारात माल कमी येतोय, म्हणजे पीक कमी आहे, असा हिशेब सगळ्यांनी केला. पण माल कमी का येत होता? कारण तो आमच्या खोलीत होता, शेजारच्या खोलीत होता, गल्लीतल्या प्रत्येक खोलीत होता. आपण स्वतः रोखून धरलेल्या मालाची टंचाई आपणच बाजारात पाहिली आणि तिला शुभशकुन मानलं. मार्चनंतर हा सगळा कापूस एकदम बाहेर पडू लागला. एरवी उन्हाळ्यात बाजार रिकामे असतात, तेव्हा त्या वर्षी गाड्यांच्या रांगा लागल्या. हंगाम संपता संपता पिकाचा अंदाजही पुन्हा वर गेला.

थॉमस गिलोविच नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या सवयीचं फार साधं वर्णन केलं आहे. हवीशी गोष्ट समोर आली की माणूस मनाला विचारतो, "हे मानता येईल का?" नकोशी आली की विचारतो, "हे मानलंच पाहिजे का?" पहिल्या प्रश्नाला एखादा पुरावा पुरतो. दुसऱ्याला शंभर पुरावे दिले तरी पळवाट उरते. वही लिहिणारा माणूस दोन्हीकडे प्रामाणिक असतो, पण नाक्यावरचा पहारा एका बाजूला ढिला आणि दुसऱ्या बाजूला कडक असतो.

पुढची पायरी म्हणजे बघणंच बंद करणं. शेअर बाजारातल्या गुंतवणूकदारांवर 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजार चढता असताना लोक आपलं खातं वारंवार उघडून बघतात आणि उतरता असताना कमी बघतात, असं त्यात दिसलं. अण्णांच्या वहीत फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर एकही नोंद नाही. पुढची नोंद थेट जूनमधली, विक्रीची.

मग कळायचं कसं? कापसाच्या बाबतीत एक हिशेब आहे, जो जिनिंगवाला रोज करतो आणि आपण क्वचित करतो. 100 किलो कापूस पिंजला की साधारण 34 किलो रुई आणि 64 किलो सरकी निघते, बाकी घट. रुई विकली जाते खंडीवर, आणि खंडी म्हणजे 356 किलो. समजा रुई खंडीला 60 हजार आहे. म्हणजे किलोला 168 रुपये, 34 किलोचे झाले सुमारे 5,730. सरकी क्विंटलला 3,200 धरली तर 64 किलोचे 2,048. बेरीज 7,778. त्यातून पिंजाई, गाठ बांधणं, वाहतूक यांचे 300 रुपये काढा. उरले साधारण 7,480. याहून जास्त दिलं तर जिनिंगवाला पदरचे घालतो. त्याचा स्वभाव चांगला की वाईट, हा प्रश्न इथे येतच नाही.

आता हाच हिशेब उलटा करून बघा. सरकी तेवढीच राहिली आणि आपल्याला 10 हजार हवे असतील, तर रुई खंडीला 86 हजारांच्या घरात विकली गेली पाहिजे. त्या वेळी 85 सेंटचा परदेशी कापूस, 82 रुपयांचा डॉलर धरून, खंडीला 55 हजारांच्या आसपास पडत होता. शुल्क आणि भाडं मिळवून 60-65 हजार. मग सूतगिरणीनं आपल्याला 86 हजार का द्यावेत? आदल्या वर्षी मात्र न्यूयॉर्कचा 155 सेंटचा भाव खंडीला 94 हजारांच्या आसपास बसत होता. म्हणजे तेव्हाचे 12 हजार हवेतले नव्हते, त्यांच्याखाली जमीन होती. 2022-23 मध्ये आकडा तेवढाच मनात राहिला, खालची जमीन मात्र सरकली होती.

हा हिशेब उद्याचा भाव सांगत नाही, हे खरं. रुई वाढू शकते, सरकी वाढू शकते, डॉलर चढू शकतो. पण आपली आशा पूर्ण व्हायला नेमकं काय काय घडावं लागेल, ते तो उघड करतो. शिवाय एक वेगळी खूणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पिकाचा अंदाज घटल्याची बातमी आली आणि तरीही भाव जागचा हलला नाही, तर त्या बातमीपेक्षा न हललेला भाव जास्त बोलका असतो. त्या हंगामात असं एकदा नव्हे, अनेकदा झालं.

अण्णांनी जूनमध्ये विकलं, कारण नव्या बियाण्याला पैसे हवे होते. भाव मिळाला 6,900. वजनही घटलं होतं. 12 टक्के ओल असलेला कापूस 8 टक्क्यांवर सुकला की क्विंटलमागे सव्वाचार किलोहून जास्त वजन उडून जातं. 30 क्विंटलचे 28.7 भरले. हातात आले 1 लाख 98 हजार. दिवाळीत तोच माल 2 लाख 67 हजारांना मागितला होता. 69 हजारांचा फरक, आणि उधारीवरचं व्याज निराळं.

थांबणं हाच मूर्खपणा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. आदल्या वर्षी थांबणाराच शहाणा ठरला होता, आणि दिवाळीला सगळ्यांचा माल एकदम आल्यावर भाव दबतो हेही खरं आहे. चूक थांबण्यात नव्हती. किती दिवस थांबायचं आणि काय दिसलं की उठायचं, हे आधी ठरवलेलं नव्हतं, ती चूक होती. कापूस खोलीत भरण्यापूर्वी, मन शांत असताना, "रुई खंडीला अमुक झाली की विकायचं, गाडी सलग तीन आठवडे आली नाही की विकायचं" असं लिहून ठेवलं असतं, तर फेब्रुवारीत त्याचा निराळा अर्थ लावायला वाव राहिला नसता.

अण्णांची वही अजून चालू आहे. आता पानाच्या मधोमध रेघ असते. डावीकडे भाव चढवणाऱ्या गोष्टी, उजवीकडे उतरवणाऱ्या. माल तीन हप्त्यांत विकतात, पहिला दिवाळीच्या आसपास. गेल्या खेपेला मी वही बघितली, तर डावी बाजू पानभर भरलेली आणि उजवीकडे चारच ओळी. मी काही बोलण्याआधीच अण्णा म्हणाले, "त्या चार ओळी वहिनीनं लिहायला लावल्या. खोली तिला हवी आहे."