वर्गणीदारांचे वय मोजा

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला घरपोच येणारी वर्गणीची पेटी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘बर्चबॉक्स’ने सौंदर्यप्रसाधनांच्या नमुन्यांची मासिक पेटी लोकप्रिय केली. त्यानंतर कॉफी, पुस्तके, खेळणी, पाळीव प्राण्यांचा खाऊ अशा किती तरी गोष्टी याच पद्धतीने विकल्या जाऊ लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की या धंद्यात मालाचा अंदाज बांधणे सोपे असणार. ग्राहक आधीच माहीत आहेत, पेट्या मोजायच्या आणि माल मागवायचा. पण माल मागवावा लागतो दोन-दोन महिने आधी आणि ग्राहक वर्गणी थांबवतो ती पेटी निघण्याच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात किती जण गळतील, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वर्गणीदारांच्या एकूण संख्येत सापडत नाही. ते सापडते त्यांच्या वयात, म्हणजे कोण किती महिन्यांपासून आपल्याकडे आहे, यात.

ही विचाराची पद्धत जुनी आहे. एडमंड हॅली हा खगोलशास्त्रज्ञ आपल्याला धूमकेतूमुळे माहीत आहे. त्याने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून एक तक्ता मांडला. अमुक वयाच्या इतक्या माणसांपैकी पुढच्या वर्षी किती जिवंत असतील, हे त्यावरून कळत असे आणि त्याच्या आधारे वार्षिकीची किंमत ठरवता येत असे. वर्गणीदारांचाही असाच तक्ता मांडता येतो. फरक एवढाच, की प्रौढ माणसाचा मृत्यूचा धोका वयाबरोबर वाढतो, तर वर्गणीदार गळण्याचा धोका वयाबरोबर कमी होतो.

पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील एका गटात सुरुवातीच्या दर १,००० ग्राहकांपैकी पहिल्या वर्षानंतर ६३१ उरले, दुसऱ्या वर्षानंतर ४६८. म्हणजे पहिल्याच वर्षी ३७ टक्के गेले. पण सहाव्या वर्षाअखेर २६२ होते, ते सातव्या वर्षाअखेर २४१ झाले. तेव्हा गळती जेमतेम ८ टक्के उरली होती. माणसे जुनी झाली की त्यांची निष्ठा वाढते, असा अर्थ लगेच काढायला आपण मोहात पडतो. या दोघांनी दाखवले, की तसे मानण्याची गरजच नाही. प्रत्येक ग्राहकाची सोडून जाण्याची शक्यता सुरुवातीपासून वेगवेगळी असते आणि ती बदलत नाही, एवढे मानले तरी हीच वक्ररेषा मिळते. चंचल माणसे आधी निघून जातात, टिकाऊ माणसे मागे उरतात आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते.

मालाच्या अंदाजासाठी याचा अर्थ काय, ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू. पुण्यात कॉफी भाजून दर महिन्याला २५० ग्रॅमची पाकिटे पाठवणारा एक लहान व्यवसाय आहे, असे धरू. पहिली पेटी मिळाल्यानंतर १०० पैकी ७५ जण दुसरी घेतात. दुसरीनंतर ८५ टक्के टिकतात, तिसरीनंतर ९० आणि त्यापुढे दर महिन्याला ९५ टक्के. गेले वर्षभर महिन्याला १६० नवे ग्राहक येत होते आणि जवळपास तेवढेच जात होते. मे महिन्यात एकूण २,२०० पेट्या गेल्या. त्यातल्या १६० पहिल्या होत्या, १२० दुसऱ्या, १०२ तिसऱ्या आणि उरलेल्या १,८१८ त्याहून जुन्या ग्राहकांच्या. सरासरी गळती ७.२ टक्के.

जूनमध्ये मोठी सवलत जाहीर झाली आणि १६० ऐवजी ८०० नवे ग्राहक आले. आता एकूण २,८४० पेट्या. ऑगस्टच्या पेटीसाठी कच्च्या बिया आणि छापील पाकिटे आत्ताच मागवायची आहेत. जुलै आणि ऑगस्टमध्ये पुन्हा नेहमीसारखे १६० नवे येतील, असे मानू. ओळखीच्या ७.२ टक्क्यांनी हिशेब केला तर ऑगस्टला सुमारे २,७५४ पेट्या लागतील, असे उत्तर येते.

आता हाच हिशेब वयाप्रमाणे करू. जूनच्या ८०० जणांपैकी जुलैत ६०० उरतील आणि ऑगस्टमध्ये ५१०. जुलैत येणाऱ्या १६० पैकी ऑगस्टला १२० राहतील, ऑगस्टचे नवे १६० आणि जुने सुमारे १,८२०. बेरीज होते २,६१०. म्हणजे सरासरीने मागवलेल्या मालात १४४ पाकिटे जास्तीची. सरासरी काढण्यात चूक नव्हती. मेमध्ये बहुतेक ग्राहक जुने होते, म्हणून गळती ७.२ टक्के दिसत होती. जूनमध्ये ग्राहकांची रचनाच बदलली आणि जुनी सरासरी त्या रचनेला लागू राहिली नाही. मोठ्या जाहिरातीनंतर दोन-तीन महिन्यांनी माल पडून राहतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

शिवाय सवलतीसाठी आलेले ग्राहक नेहमीच्या नव्या ग्राहकांइतके टिकतीलच, असे नाही. त्यांच्यापैकी ७५ ऐवजी ६० टक्केच दुसरी पेटी घेणार असतील, तर जुलैत ४८० उरतील आणि ऑगस्टची बेरीज २,५०८ वर येईल. हे ओळखायचे कसे? जुलैची पेटी निघाली की या एका तुकडीचा आकडा वेगळा काढून पाहायचा. ७५ टक्के हे प्रमाण खरे असेल, तर ८०० जणांच्या तुकडीत निव्वळ योगायोगाने पडणारा फरक साधारण १२ जणांचा असतो. दुपटीपर्यंतचा, म्हणजे २५ जणांपर्यंतचा फरक दुर्लक्षित करता येईल. १२० जणांचा फरक पडला तर तो योगायोग नाही, ही तुकडीच निराळी आहे. त्याच दिवशी पुढची मागणी दुरुस्त करायला हवी.

गळती मोजताना नोंदी मात्र स्वच्छ हव्यात. वर्गणी रद्द करणारा, एक महिना वगळणारा आणि बँकेतून पैसे न कापले गेल्यामुळे पेटी न मिळालेला, हे तीन वेगळे ग्राहक आहेत. पहिला बहुधा परतत नाही, दुसरा पुढच्या महिन्यात हजर असतो, तिसऱ्याला कदाचित काही घडल्याचा पत्ताही नसतो. भारतात कार्डावरून दर महिन्याला आपोआप रक्कम कापण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आणि रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणे बंधनकारक झाले. वर्गणी चालू ठेवायची की थांबवायची, हा विचार या सूचनेमुळेच मनात येऊ शकतो. तिन्ही कारणे एकाच रकान्यात घातली, तर टिकण्याचे प्रमाण असते त्याहून वाईट दिसते आणि माल कमी मागवला जातो.

पेट्यांची संख्या ठरली, तरी त्यांत काय भरायचे हा प्रश्न उरतो. आपल्या व्यवसायात लाइट, मीडियम आणि डार्क रोस्ट असे तीन पर्याय आहेत, असे समजू. लाइट रोस्ट जुन्या ग्राहकांपैकी १८ टक्के निवडतात. नवे, म्हणजे पहिल्या तीन पेट्यांतले लोक ओळखीच्या चवीकडे जातात, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के आहे. मेमध्ये एकूण प्रमाण १६.३ टक्के होते. ते चुकीच्या २,७५४ पेट्यांना लावले तर ४४८ पाकिटे होतात. वयाप्रमाणे हिशेब केला तर १,८२० जुन्यांची ३२८ आणि ७९० नव्यांची ६३, म्हणजे ३९१ पाकिटे. ५७ पाकिटांची ही तफावत दोन चुका एकमेकींत मिसळून झाली आहे. पेट्यांचा आकडा चुकला आणि ग्राहकांच्या रचनेबरोबर आवडीची टक्केवारी बदलते, हेही सुटले.

आवडीच्या नोंदीत आणखी एक सापळा आहे. एखाद्या महिन्यात लाइट रोस्ट संपली आणि ग्राहकांना मीडियम पाठवली, तर विक्रीच्या वहीत मीडियमची मागणी वाढलेली दिसते. पुढच्या महिन्यात त्या आकड्यावरून लाइट रोस्ट आणखी कमी मागवली जाते, ती पुन्हा संपते आणि मागणी नाहीच, असा समज पक्का होतो. त्यामुळे काय पाठवले याच्या शेजारी काय मागितले होते, हेही लिहून ठेवायला हवे. एखादा प्रकार लागोपाठच्या महिन्यांत नेमका शून्यावर संपत असेल, तर त्याची खरी मागणी आपल्याला कळलेलीच नाही, असे समजावे.

मग ३९१ चा अंदाज आला तर ३९१ पाकिटेच ठेवायची का? नाही. हा मधला आकडा आहे. मागणी त्याहून जास्त निघण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. किती जादा ठेवायचे, हे दोन नुकसानांच्या तुलनेवरून ठरते. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी, या प्रश्नाला असेच उत्तर शोधले होते. समजा, एक पाकीट कमी पडले तर ग्राहकाची नाराजी आणि वर्गणी सुटण्याचा धोका धरून ३०० रुपयांचे नुकसान होते. एक पाकीट उरले तर ते स्वस्तात विकावे लागून १०० रुपये जातात. ३०० भागिले ४०० म्हणजे ०.७५. चारपैकी तीन महिने पुरेल इतका माल ठेवावा, असे हे गणित सांगते. आपले मागचे अंदाज सहसा ४० पाकिटांनी चुकत असतील, तर त्यासाठी ३९१ वर साधारण २७ पाकिटे जादा लागतात, म्हणजे ४१८. ४० हा आकडा आपल्याच जुन्या अंदाजांची प्रत्यक्षाशी तुलना करून काढायचा. योगायोगाचे सूत्र इथे फक्त १८ सांगते, कारण लोकांची आवड महिन्यागणिक सरकते, हे त्या सूत्राला कळत नाही.

कॉफीच्या धंद्यात एक सोयही आहे. भाजलेली कॉफी काही आठवड्यांत चव गमावते, पण कच्च्या बिया नीट साठवल्या तर कित्येक महिने टिकतात. भाजताना वजन सुमारे १५ टक्के घटते, म्हणून २,६१० पाकिटांसाठी सुमारे ७६८ किलो कच्च्या बिया लागतात. तिन्ही प्रकारांना एकच बी चालत असेल, तर दोन महिने आधी फक्त हा एकूण आकडा ठरवावा आणि किती लाइट, किती डार्क हे ग्राहकांची निवड नोंदवण्याची मुदत संपल्यावर भाजताना ठरवावे. एकूण पेट्यांचा अंदाज एकेका प्रकाराच्या अंदाजापेक्षा सहसा कमी टक्क्यांनी चुकतो. प्रकाराचा निर्णय जितका पुढे ढकलता येईल, तितका जादा साठा कमी लागतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पुढच्या महिन्यात नवे ग्राहक किती येतील, हे तक्ता सांगत नाही. ते जाहिरातीच्या खर्चावर अवलंबून असते, म्हणून जाहिरात ठरवणारा आणि माल मागवणारा यांनी एकत्र बसायला हवे. व्यवसाय वर्षापेक्षा लहान असेल, तर दिवाळीत किंवा उन्हाळ्यात काय होते याचा आधार नसतो. शंभर-दीडशे ग्राहकांच्या तुकडीत टिकण्याचे प्रमाण योगायोगानेच तीन-चार टक्क्यांनी वरखाली होते, तेव्हा दोन-तीन तुकड्या एकत्र करून वाचाव्या लागतात.

वर्गणीच्या पेटीचा व्यवसाय करणाऱ्यांनी यासाठी महागडी प्रणाली घेण्याची गरज नाही. प्रत्येक ग्राहकाची पहिल्या पेटीची तारीख, थांबण्याचे कारण आणि त्याने मागितलेला प्रकार, एवढे तीन रकाने साध्या स्प्रेडशीटमध्ये आजपासून भरायला घ्या. एकूण वर्गणीदारांचा आकडा व्यवसाय किती मोठा आहे ते सांगतो, पण कोठारात काय ठेवायचे ते या तीन रकान्यांवरूनच कळते.