‘नको करूस’ म्हटल्याने टिक थांबत नाही

भातलावणीचे दिवस होते. लावणीचा एक दिवस मोडून एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन पौडला ओपीडीत आली. तक्रार पोटाची होती. ‘‘डॉक्टर, शाळेची वेळ झाली की याचं पोट दुखतं. आठ दिवस झाले, शाळेत गेलाच नाही.’’ पोट तपासले, त्यात काही नव्हते. पण तेवढ्या वेळात मुलाची मान चार-पाच वेळा उजवीकडे झटकली गेली, डोळे पटपट मिचकावले गेले आणि घशातून ‘हं’ असा आवाज आला. आई ओशाळून म्हणाली, ‘‘बघ, परत! किती वेळा सांगितलं, नको करूस!’’ त्यानंतर मान आणखी जोरात उडू लागली.

चौकशी केल्यावर सगळे कळले. डोळे मिचकावणे दुसरीत असताना सुरू झाले होते. डोळ्यांत थेंब घालून झाले, चष्म्याचा नंबर तपासून झाला, घशासाठी खोकल्याची औषधे झाली, दृष्टही काढून झाली. वर्गात मुलांनी त्याचे नाव ‘झटका’ पाडले होते. धडा वाचायला उभा राहिला की आवाज वाढायचा, वर्ग हसायचा आणि ‘चाळे बंद कर’ म्हणून त्याला खाली बसवले जायचे. पोट दुखत होते ते यामुळे.

या हालचालींना वैद्यकात ‘टिक’ म्हणतात. मेंदूच्या खोल भागात हालचालींवर लगाम ठेवणारी यंत्रणा असते. ती थोडी सैल पडली की अशा झटपट, त्याच त्या हालचाली सुटतात. बहुधा पाच-सहाव्या वर्षी त्या सुरू होतात, दहा ते बारा या वयात सर्वाधिक असतात आणि पुढे बऱ्याच मुलांत आपोआप कमी होतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण जास्त आहे. हालचालीच्या अनेक टिक आणि निदान एक आवाजाची टिक वर्षाहून अधिक काळ राहिली, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. ‘हिचकी’ या चित्रपटातल्या शिक्षिकेला हाच त्रास होता.

टिक काही काळ दाबून धरता येते. म्हणूनच मोठ्यांना वाटते, मूल मुद्दाम करते. पण त्या मुलाला मी विचारले, ‘‘मान उडायच्या आधी काही वाटतं का?’’ तो म्हणाला, ‘‘मानेत आवळल्यासारखं होतं. केलं की बरं वाटतं.’’ शिंक येण्याआधी नाकात हुळहुळते, तशीच ही जाणीव असते. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुलांना ती ओळखता येते. उपचाराची सुरुवात इथूनच होते.

हा उपचार म्हणजे ‘हॅबिट रिव्हर्सल’, मराठीत सवय-बदल प्रशिक्षण. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये तो मांडला. जी टिक सर्वांत जास्त त्रास देते, ती एकच आधी निवडायची. या मुलाने मानेची निवडली. पहिल्या आठवड्यात काहीच थांबवायचे नव्हते, फक्त ओळखायचे होते. रोज संध्याकाळी दहा मिनिटे तो आईसमोर बसे आणि मान आवळायला लागली की बोट वर करी. आधी त्याचे बोट झटक्यानंतर वर जाई, हळूहळू झटक्याच्या आधी जाऊ लागले.

मग प्रतिकृती, म्हणजे झटक्याच्या जागी करायची अशी कृती की ती चालू असताना झटका येऊच शकत नाही. मानेसाठी नजर समोर ठेवून हनुवटी किंचित खाली घ्यायची आणि मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे. एक मिनिट, किंवा आवळणे ओसरेपर्यंत, यातले जे जास्त असेल तेवढा वेळ. घशातल्या आवाजासाठी नाकाने सावकाश श्वास घेऊन तोंडाने तसाच सोडायचा. प्रतिकृती अशी हवी की लिहिता-वाचतानाही करता येईल आणि शेजारच्या मुलालाही कळणार नाही. इथे नेहमी एक चूक होते. मूल मान इतकी कडक धरते की ती दुखू लागते आणि चार दिवसांत सराव सुटतो. ताण हलकाच हवा.

आईला दोनच गोष्टी सांगितल्या. प्रतिकृती केली की शाबासकी द्यायची आणि झटका आला तर गप्प राहायचे. बक्षीस सरावाचे, टिक न येण्याचे नाही. दाबून धरलेली टिक नंतर दुप्पट उसळते, अशी भीती पालकांना असते. अभ्यासांत तसे दिसलेले नाही.

गुण किती येतो? अमेरिकेत 2010 मध्ये 126 मुलांवर झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांत या पद्धतीच्या आठ बैठका घेतल्या. त्यात निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना चांगला फरक पडला. नुसता धीर आणि माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी होते. म्हणजे उपयोग नक्की आहे, पण प्रत्येकाला नाही. टिक बहुधा कमी होते, नाहीशी होत नाही. म्हणून वर्गाकडेही वळावे लागते.

मुलाला विचारून, त्याच्या होकारानेच, आम्ही वर्गशिक्षिकेशी बोललो. बाई म्हणाल्या, ‘‘मला वाटलं, लक्ष वेधायला करतो.’’ एके दिवशी, तो वर्गात नसताना, त्यांनी मुलांना एक खेळ दिला : एक मिनिट पापणी लववायची नाही. कुणालाच जमले नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘त्याची मान अशीच उडते. ते लागट नाही, मुद्दामही नाही. आपण बघायचं नाही, नक्कल करायची नाही.’’ नकला करण्यात पुढे असणाऱ्या दोघांना त्यांनी वर्गासमोर न रागावता बाजूला घेऊन समजावले. टोपणनाव कुणी घेतले की लगेच थांबवायचे, हा नियम सर्वांना केला.

त्याची जागा पहिल्या बाकावरून कडेच्या बाकावर गेली, कारण पुढे बसले की सगळ्या वर्गाची नजर पाठीवर असते. गरज वाटली तर न विचारता पाणी प्यायला जाण्याची मुभा मिळाली. वाचन मात्र बंद केले नाही. टिक आली की वाचनातून सुटका, असे होऊ लागले तर टिक वाढते. आधी दोनच ओळी, मग परिच्छेद. आवाज आला तरी बाई पुढचे वाक्य ऐकत राहत.

दोन महिन्यांनी मानेचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. डोळे अजून मिचकावत होते. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात सगळेच पुन्हा वाढले आणि ओसरले. टिकचा स्वभावच असा चढउताराचा आहे. पोटदुखी मात्र पहिल्या तीन आठवड्यांतच थांबली होती, टिक फारशी उतरायच्या आधीच.

प्रत्येक झटका टिक नसतो, हेही लक्षात ठेवावे. झटक्याबरोबर शुद्ध हरपत असेल, नजर शून्यात जात असेल, तर फिट्सचा विचार करावा लागतो. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी हातपाय अकस्मात वेडेवाकडे हलू लागले, हातातली वस्तू पडू लागली, अक्षर बिघडले, तर तो संधिवाताच्या तापाचा परिणाम असू शकतो आणि त्यात हृदय तपासावेच लागते. टिकमुळे मान दुखत असेल, इजा होत असेल किंवा सरावाने भागत नसेल, तर औषधे आहेत. ती बालरोग किंवा मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

परवा तो सर्दीसाठी आला होता. मान एकदा उडाली. आईने पाहिले आणि सर्दीबद्दल बोलत राहिली.