कमानीचा आडवा रेटा

टेबलावर दोन जाडजूड पुस्तकं थोड्या अंतरावर ठेवा आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पट्टी कमानीसारखी वाकवून बसवा. वरून बोटाने दाबलंत की पुस्तकं बाहेरच्या बाजूला सरकतात. ती सरकू नयेत म्हणून दोन्ही हातांनी आतल्या बाजूला जेवढा जोर लावावा लागतो, तोच कमानीचा आडवा रेटा. पुलाच्या कमानीत हे काम काठावरचे पाये करतात. त्यामुळे रेटा किती, हे पाया खणण्याआधीच ठाऊक असावं लागतं.

फ्रान्समधला गाराबीचा रेल्वेपूल आयफेलच्या कंपनीने 1884 साली पूर्ण केला. त्याच्या 165 मीटर गाळ्याच्या लोखंडी कमानीची दोन्ही टोकं बिजागऱ्यांवर टेकली आहेत. अशा कमानीचं गणित एका जागी अडतं. प्रत्येक टोकाला एक उभी आणि एक आडवी अशा एकूण चार अज्ञात प्रतिक्रिया असतात, आणि समतोलाची समीकरणं मात्र तीनच. चौथं समीकरण आणायचं कुठून?

त्याचं उत्तर इटलीतल्या अल्बेर्तो कास्तिग्लियानो या अभियंत्याने 1873 साली तुरीनमधल्या आपल्या प्रबंधात दिलं. वाकलेल्या पट्टीत ऊर्जा साठते, म्हणून तर सोडल्यावर ती उसळते. हीच विकृती-ऊर्जा, म्हणजे स्ट्रेन एनर्जी. एखादं बल किंचित वाढवलं की ही ऊर्जा ज्या दराने बदलते, तो दर म्हणजे त्या बलाच्या दिशेने झालेलं सरकणं. आपला पाया सरकत नाही, म्हणजे रेट्यासाठी हा दर शून्य. हेच चौथं समीकरण.

आता एक कमान घेऊ. गाळा L = 40 मीटर, मधली उंची h = 8 मीटर, आकार अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, आणि दर मीटरला w = 2 टन भार सारखा पसरलेला. हाच भार साध्या तुळईवर असता, तर मध्यभागी wL²/8 म्हणजे 400 टन-मीटर बेंडिंग मोमेंट आला असता. कमानीत मात्र रेटा H त्यातून आपला वाटा वजा करतो:

M = M₀ − H·y

इथे M₀ हा तुळईचा मोमेंट आणि y ही त्या जागची कमानीची उंची. ऊर्जा M च्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे दर शून्य धरला की अट उरते ती अशी: (M₀ − H·y)·y/EI या राशीची संपूर्ण कमानीवरची बेरीज शून्य. EI म्हणजे त्या जागी कमान वाकायला किती कठीण आहे त्याचं माप.

इथे थोडं थांबा. सारख्या पसरलेल्या भाराखाली M₀ चा आलेखही अन्वस्तच असतो, अगदी कमानीसारखा. M₀ म्हणजे y ची ठरावीक पट, ती पट wL²/8h. H तेवढाच धरला की कंस प्रत्येक ठिकाणी शून्य होतो.

H = wL²/8h = 50 टन

मध्यभागी 400 वजा 50 गुणिले 8, म्हणजे शून्य. कमान कुठेच वाकत नाही, फक्त दाबली जाते. कमानीची जाडी टोकांकडे ठरावीक प्रमाणात वाढते, असं गृहीत धरून पुस्तकं हे सूत्र मांडतात. या भारासाठी त्या गृहीतकाची गरजच नाही, कारण EI कसाही बदलला तरी शून्याला भागून शून्यच येतं. विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगायला हवं, असं मला वाटतं.

ही सुबकता फसवी ठरते ती अर्ध्या भारात. गाडी पुलाच्या मध्यापर्यंतच आली, म्हणजे 2 टन फक्त डाव्या 20 मीटरवर, तर रेटा निम्मा, 25 टन. डावीकडची उभी प्रतिक्रिया 30 टन. डाव्या टोकापासून 10 मीटरवर M₀ येतो 200 टन-मीटर. तिथे कमान 6 मीटर उंच, म्हणून रेटा वजा करतो 150. उरले 50. उजव्या बाजूला त्याच अंतरावर तेवढाच मोमेंट, पण उलटा: डावी बाजू खाली दबते, उजवी वर फुगते. भार निम्मा झाला आणि शून्याचे 50 टन-मीटर झाले.

दुसरी भीती पाया सरकण्याची. आपली कमान पोलादी असून मध्यभागी तिचा EI 2 लाख टन-मीटर² आहे आणि पुस्तकी गृहीतकाप्रमाणे टोकांकडे वाढतो असं धरा. टोकांमधलं अंतर 1 सेंटीमीटरने वाढलं तर पूर्ण भाराचा रेटा साधारण दीड टनाने उतरतो आणि मध्यभागी सुमारे 12 टन-मीटर मोमेंट उभा राहतो. दाबाने कमान स्वतः आखूड होते, त्यानेही रेटा थोडा घटतो. वरच्या सूत्रात यातलं काहीच नाही.

म्हणून कमानीचा हिशोब तपासायला हातात आला, तर पूर्ण भाराचा शून्य मोमेंट पाहून कागद मिटू नका. अर्ध्या भाराचं पान आधी मागा.