डोक्याचा घाट आणि दाढीची रेघ

मस्तक मुंडन केलेला माणूस आपल्या भागात रस्त्याने निघाला की समोरचा मनुष्य क्षणभर थबकतो. घरी काही बरेवाईट घडले असेल का, की बालाजीला जाऊन आले असतील, या दोन शंकांपैकी एक त्याच्या चेहऱ्यावर उमटते. जैन घरांत तिसरी आठवणही असते ती मुनींच्या केशलोचाची. परंतु तेथे वस्तरा नसतो. दोन ते चार महिन्यांच्या अंतराने केस हातांनी उपटून काढले जातात, आणि ते देहाचा मोह सोडण्याचे व्रत आहे. येथे विषय अगदी संसारी आहे. टक्कल पडू लागलेला गृहस्थ उरलेले केसही काढून टाकतो, तेव्हा ते त्याला केव्हा शोभते आणि केव्हा शोभत नाही, एवढाच.

सांगलीच्या हळदपेठेत अडत चालवणारे बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आणि साताऱ्यात नोकरी करणारे त्यांचे अडतीस वर्षांचे धाकटे बंधू, या दोघांनी एकाच दिवाळीत हा निर्णय घेतला. दोघांचेही टाळूवरचे केस गेले होते आणि कानांच्या वरून मागे जाणारी नालाच्या आकाराची झालर तेवढी उरली होती. थोरले बंधू डावीकडचे लांब केस तेल लावून उजवीकडे आडवे बसवत. कृष्णेवरून वारा सुटला की ती बट उभी राही आणि गिऱ्हाईकाशी बोलता बोलता हात आपोआप डोक्याकडे जाई. केस काढण्याचा बेत कानावर पडताच मातोश्री संतापल्या. "मी अजून जिती हाय की रं! कुणासाठी डोई करतोस?" असे त्यांनी विचारले, आणि त्यावर लगेच उत्तर देणे मुलाला जमले नाही.

सलूनचालकाने थेट वस्तरा हाती घेतला नाही, हे त्याचे शहाणपण. त्याने प्रथम केस ओले करून दाबून बसवले आणि दहाही बोटांनी डोके चाचपून पाहिले. केसांखाली कवटीचा घाट कसा आहे हे आरशापेक्षा बोटांना आधी कळते. कपाळापासून टाळूवरून मानेपर्यंत एक सलग कमान लागली, कानांच्या वरच्या बाजू फार फुगीर नसल्या आणि मागचा उंचवटा मानेच्या थोडा बाहेर आला, तर तुळतुळीत डोके सहसा शोभते. मागची बाजू सपाट असेल, मधोमध कणा उठलेला असेल किंवा एक बाजू दुसरीपेक्षा दबलेली असेल, तर वस्तऱ्यानंतर ते लपत नाही. जुन्या जखमेचा व्रण, मोठा तीळ, मानेवरची मांसाची वळी याही गोष्टी आधीच पाहून घ्याव्या लागतात. समोरच्या आरशात हे काहीच दिसत नाही. म्हणून घरच्या कोणाकडून दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून मोबाइलवर छायाचित्रे काढून घेणे बरे.

थोरल्या बंधूंचे डोके गोल भरले. धाकट्यांचे मागून सपाट निघाले. मातोश्रींनी त्याचे कारण तत्काळ सांगितले. थोरल्याच्या वेळी घरात आजेसासूबाई होत्या. त्यांनी मोहरीची उशी शिवली होती आणि बाळाची मान त्या रोज आलटूनपालटून वळवीत. धाकट्याच्या वेळी त्या नव्हत्या. बाळ तासन् तास खाटेवर उताणे पडून राही. या सांगण्यात तथ्य आहे. पहिल्या काही महिन्यांत कवटीची हाडे मऊ असतात आणि एकाच जागी दाब राहिला तर तो भाग चपटा होतो. आजचे बालरोगतज्ज्ञ मात्र तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली कसलीच उशी नको म्हणतात, आणि झोपताना उताणेच ठेवावे असेही सांगतात. त्यावर उपाय म्हणजे बाळ जागे असताना त्याला नजरेसमोर थोडा वेळ पालथे ठेवणे आणि मानेची दिशा बदलत राहणे. चाळिशीतल्या डोक्याला हे सारे निरुपयोगी असले, तरी जावळ काढताना त्या चिमुकल्या डोक्याचा घाट नीट पाहून ठेवायला हरकत नाही.

सलूनचालकाने दोघांनाही एकच वाट सांगितली. पहिल्या खेपेस तीन नंबरची मशीन, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर केस. दोन आठवड्यांनी एक नंबर, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. त्यानंतर झिरो, आणि तेही पटले तरच वस्तरा. या पायऱ्यांचा लाभ दुहेरी असतो. घरच्यांचे डोळे सरावतात, आणि कोणत्या पायरीवर थांबावे ते स्वतःला कळते. धाकटे बंधू एक नंबरवरच थांबले. तीन मिलिमीटरच्या खुंटांची जी सावली पडते तिच्यात मागचा सपाटपणा बराच विरून जातो. झिरो मशीन फिरवल्यावर मान आणि डोके एका सरळ भिंतीसारखे दिसू लागले होते, म्हणून त्यांनी दोन आठवडे केस वाढू दिले. हा पराभव नव्हे. सपाट डोक्यासाठी तेच योग्य माप आहे.

थोरले बंधू वस्तऱ्यापर्यंत गेले आणि पहिल्याच आठवड्यात चुकले. त्यांनी घरी रेझरने मागून पुढे, केसांच्या उलट दिशेने, जोर देऊन डोके घोटले. तिसऱ्या दिवशी मानेच्या वर बारीक लाल पुटकुळ्या उठल्या. डोक्यावरचे केस एका दिशेने वाढत नाहीत. पुढचे पुढे येतात, बाजूचे आणि मागचे खाली जातात आणि टाळूमागे भोवऱ्याशी ते गोल फिरतात. (दोन भोवरे असले की दोन लग्ने होतात म्हणतात. दाढी करणाऱ्यासाठी मात्र दोन भोवरे म्हणजे केवळ दुप्पट काळजी.) उलट कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो आणि वाढताना आतच वळतो, पुटकुळी त्याचीच. कुरळ्या केसांच्या माणसांत हे अधिक होते. मानेच्या मागे वारंवार अशा गाठी येऊन टणक होऊ लागल्या तर तेथे वस्तरा बंद करावा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, कारण त्या गाठींचे व्रण कायमचे राहतात.

त्यांची सुधारलेली रीत अशी झाली. आधी कोमट पाण्याने स्नान, मग ओल्या डोक्यावर दोन-तीन मिनिटे फेस राहू देणे. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा फेस धरत नाही आणि पाते घासते. तेव्हा मृदू पाणी किंवा जेल वापरणे सोयीचे. पाते केसांच्या दिशेने, हलक्या हाताने, एकदाच. भोवऱ्याशी बोटाने दिशा चाचपून लहान लहान फटकारे. चार-पाच वेळा वापरले की पाते बदलणे. सलूनमध्ये करून घ्यायचे असेल तर वस्तऱ्यात नवे पाते डोळ्यांदेखत घालायला सांगावे. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका खरा आहे. तुरटी छोट्या कापावर रक्त थांबवते, पण रोज साऱ्या डोक्यावर फिरवली तर कातडी कोरडी पडते. जैन घरांसाठी आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी. दाढीचे काही ब्रश रानडुकराच्या किंवा बिज्जूच्या केसांचे असतात आणि काही साबणांत प्राणिज चरबी असते. नायलॉनचा ब्रश आणि वनस्पती तेलांचा साबण सहज मिळतो.

डोक्याचा केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजूंची झालर काळी दिसू लागते आणि टाळू मात्र लख्ख राहते. ज्या नालापासून सुटका हवी होती तो परत उमटतो. आठवड्यातून दोन-तीनदा वस्तरा धरण्याची तयारी नसेल त्याने हा मार्ग न धरलेला बरा. वस्तऱ्याने केस दाट येतात ही समजूत चुकीची आहे. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते जाड भासते, इतकेच. केस अचानक चट्ट्याचट्ट्यांनी गेले असतील, म्हणजे चाई असेल, तर मुंडनाआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

केस गेल्यावर टाळू ही चेहऱ्याचीच कातडी समजावी. वर्षानुवर्षे टोपी घालणाऱ्यांच्या कपाळावर रंगाची सीमारेषा असते. मुंडनानंतर डोके दुरंगी दिसते आणि उन्हात तो फिका भाग आधी भाजतो. सांगलीचा एप्रिल चाळीस अंशांना भिडतो. तेथे तीस किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन, चेहऱ्याला लागते तेवढेच डोक्याला, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. सुती टोपी त्याहून सोपी. साताऱ्याच्या थंडीतील कोरड्या वाऱ्यात टाळूला भेगाळ कोंडा धरतो, तेव्हा रात्री हलके मॉइश्चरायझर लावावे. खोबरेल तेल चोपडण्याची सवय मात्र सोडावी लागते, कारण टाळूवर तैलग्रंथी मुळातच भरपूर असतात आणि वरून तेल घातले की डोके दिव्यासारखे चकाकते. तेलकट कोंड्याचा विकार असेल तर तो केसांबरोबर जात नाही. उलट लाल चट्टे उघडे पडतात.

आता दाढी. मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर अखेर तिनेच दिले. सुतकातील क्षौरात डोक्याबरोबर मिशी आणि दाढीही उतरते. डोके तुळतुळीत पण दाढी नेटकी राखलेली दिसली, की हे क्षौर नव्हे हे पाहणाऱ्याला न विचारता कळते. पेठेतील चौकशा त्यामुळे महिन्याभरात थांबल्या. शिवाय वरचा गडद भाग नाहीसा झाला की चेहऱ्याचा तोल जातो, तो हनुवटीवरचे केस सावरतात.

थोरल्यांचा चेहरा गोल. म्हणून गालांवर तीन-चार मिलिमीटर आणि हनुवटीवर आठच्या आसपास असे माप ठरले. धाकट्यांचा चेहरा लांबट. त्यांना हनुवटीवर कमी आणि गालांवर भरदार दाढी शोभली. त्यांनी एकदा दाढी छातीकडे वाढू दिली होती, तेव्हा सपाट पाठीचे डोके पुढे झुकल्यासारखे दिसू लागले. दाढीची खालची रेघ कंठमण्याच्या दोन बोटे वर ठेवावी. ती जबड्याच्या कडेवर चढवली तर हनुवटी दुहेरी दिसते. सर्वांत अवघड जागा कल्ल्यांची. वर केसच नाहीत आणि खाली दाढी एकदम सुरू झाली, तर ती चिकटवल्यासारखी वाटते. म्हणून कानाच्या वरच्या टोकाशी शून्य, मध्याशी दीड-दोन मिलिमीटर आणि पाळीशी पूर्ण माप, अशी ती हळूहळू गडद होत आणावी लागते. विरळ दाढीवाल्याने तीन मिलिमीटरचे खुंट ठेवावेत. लांब वाढवल्यास मोकळ्या जागाच उठून दिसतात.

धाकटे बंधू दर दुसऱ्या रविवारी साताऱ्याहून सांगलीला येतात, तेव्हा दोघे भाऊ एकमेकांच्या मानेमागची बाजू मशीनने साफ करून देतात. तो भाग स्वतःला दिसत नाही. मातोश्री ओसरीवर बसून, कानामागे राहिलेले दोन केस तेवढे बोटाने दाखवतात.