खांदा आखडला, आणि हात लावू देईना

सांगलीतल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंशी बोलायला गेले, तेव्हा त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. दुखणाऱ्या सांध्याला कुणी हात लावलेला ज्याला नको असतो, अशा माणसाची तपासणी कशी करता आणि त्याच्याकडून व्यायाम कसा करून घेता? उत्तरासाठी त्यांनी एका पेशंटची हकिगत सांगितली. ओळख पटू नये म्हणून तिच्यातले काही तपशील त्यांनी बदलले आहेत.

काकूंचं वय ५४, मधुमेह आठ-नऊ वर्षांचा. उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखत होता. वेणी घालता येत नव्हती, ब्लाउजचा हात चढत नव्हता, वरच्या फळीवरचा डबा काढायला सुनेला हाक मारावी लागत होती. रात्री त्या कुशीवर झोपणं तर बंदच झालं होतं. त्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या एका हाड बसवणाऱ्याकडे गेल्या. त्याने हात धरून जोरात वर ओढला. त्या रात्रीपासून दुखणं दुप्पट झालं आणि हात अंगाशी धरून ठेवायची सवय लागली. दवाखान्यात आल्या त्याही उजवा हात डाव्या हाताने सांभाळत. पहिलंच वाक्य होतं, “हात ओढणार नसाल तरच बसते.”

“मग मी हात लावलाच नाही,” ताई म्हणाल्या. “पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती विचारत होते.”

विचारायचं काय, ते ठरलेलं असतं. दुखणं पडल्यामुळे सुरू झालं की आपोआप? रात्री झोपमोड होते का? ताप येतो, वजन उतरतंय, पूर्वी कधी कॅन्सर झाला होता, असं काही? जिना चढताना छातीत किंवा हातात कळ येते का? हा शेवटचा प्रश्न डाव्या खांद्याच्या दुखण्यात त्या कधीच सोडत नाहीत. हृदयाचं दुखणं खांद्यात जाणवू शकतं आणि अशा माणसाला व्यायाम शिकवण्याआधी डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. ताप, वजन, कॅन्सर किंवा जिन्यावरची कळ यातलं काहीही ‘हो’ निघालं, तर फिजिओथेरपी थांबते. काकूंच्या बाबतीत या प्रश्नांची सगळी उत्तरं ‘नाही’ अशी होती आणि एक्स-रेमध्येही काही दोष नव्हता. साखर मात्र बरीच वर होती.

त्यानंतरचे दोन प्रश्न ताई आवर्जून विचारतात. हात हलवला तर आत काय होईल असं तुम्हाला वाटतं? आणि कोणतं एक काम पुन्हा जमायला हवं आहे? पहिल्याचं उत्तर काकूंनी खालच्या आवाजात दिलं. आत काहीतरी तुटलंय आणि हलवलं की आणखी तुटेल, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्याचं उत्तर तत्काळ आलं: “माझी वेणी मला घालता आली पाहिजे.”

आता तपासणी. त्यात ताईंनी आधी चांगला, डावा हात घेतला. कोपर कमरेशी टेकवून, नव्वद अंशात वाकवून, पंजा बाहेरच्या बाजूला फिरवला. गोनिओमीटर म्हणजे कोन मोजायची पट्टी लावली, तर साठ अंश भरले. काय होणार आहे, कसं वाटणार आहे, हे काकूंना आपल्या निरोगी हातावर आधी कळलं. मग दुखरा हात. “तुम्ही थांब म्हणाल तिथे मी थांबेन, त्यापुढे एक अंशही जाणार नाही,” असं सांगून त्यांनी हात आधार देऊन धरला. काकूंनी स्वतःहून फिरवला तेव्हा दहा अंश. मग ताईंनी तोच हात हळूच फिरवून पाहिला, तरीही दहाच. काकू एकदा “थांबा” म्हणाल्या आणि ताई खरोखरच थांबल्या. “त्या एका थांबण्याने पुढचे दोन महिने माझं काम सोपं झालं,” असं त्या म्हणाल्या.

हे दोन आकडे सारखे येणं महत्त्वाचं आहे. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंची दोरी दुखावली असेल, तर माणसाला स्वतः हात नीट हलवता येत नाही. पण दुसऱ्याने आधार देऊन हलवला तर तो बऱ्यापैकी जातो. इथे दुसऱ्यानेही हलत नव्हता, विशेषतः बाहेरच्या बाजूला. एक्स-रेमध्ये सांधा ठीक असताना असं दिसलं, की बहुतेक वेळा तो फ्रोझन शोल्डर असतो. सांध्याभोवतीची पातळ पिशवी सुजते, जाड होते आणि धुऊन आटलेल्या बाहीसारखी आखडते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त आढळतं आणि मधुमेह असणाऱ्यांत इतरांपेक्षा बरंच जास्त. काकूंना ताईंनी हेच, ब्लाउजच्या बाहीचा दाखला देऊनच, सांगितलं: काही तुटलेलं नाही, आखडलेलं आहे. आखडलेलं सैल होऊ शकतं, पण त्याला महिने लागतात. तीन आठवड्यांत बरं करण्याचं वचन त्या देत नाहीत.

मला वाटलं होतं, आता व्यायामाची यादी येईल. त्यांनी आधी आणखी एक गोष्ट तपासली, आणि माझ्या मते सगळ्या मुलाखतीतली कळीची गोष्ट तीच. सांधा किती चिडका आहे? शून्य ते दहामध्ये दुखणं किती, आराम करतानाही दुखतं का, आणि एखादी हालचाल केल्यावर वाढलेली कळ किती वेळात शमते? काकूंचं दुखणं सात-आठवर होतं, रात्री जागं करणारं, आणि एकदा भडकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारं. इतक्या चिडक्या सांध्याला ताण देणारा व्यायाम दिला, तर पिशवी आणखी सुजते. हाड बसवणाऱ्याने नेमकं तेच केलं होतं.

जोर लावून सोडवण्यापेक्षा दुखण्याच्या मर्यादेत राहिलेलं बरं, याला अभ्यासाचाही आधार आहे. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला दुखण्यापलीकडे जाऊन ताणाचे व्यायाम दिले होते. दुसऱ्याला आजार समजावून सांगून, दुखेल तिथे थांबून हात वापरत राहायला सांगितलं होतं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातले सुमारे ८९ टक्के लोक जवळजवळ पूर्ववत झाले होते, पहिल्यातले ६३ टक्के. “हा आकडा मी घाबरलेल्या पेशंटला सांगते,” ताई म्हणाल्या, “आणि आपण फार जोर लावायला लागलोय असं वाटलं की स्वतःलाही आठवण करून देते.”

काकूंना पहिल्यांदा तीनच व्यायाम मिळाले. टेबलावर डावा हात टेकवून कमरेत वाकायचं आणि उजवा हात सैल लोंबू देऊन हळूहळू झुलवायचा. ओट्यावर रुमाल ठेवून त्यावर पंजा पुढे सरकवायचा. पाठीवर झोपून, कोपर अंगाशी ठेवून, दोन्ही हातांत लाटणं आडवं धरायचं आणि डाव्या हाताने ढकलत उजवा पंजा बाहेर न्यायचा. प्रत्येक दहा वेळा, टोकाला दोन-तीन सेकंद, दिवसातून तीनदा. शक्यतो अंघोळीनंतर, स्नायू शेकलेले असताना. नियम एक: करताना दुखणं चारच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि वाढलं तर तासाभरात पूर्वीवर यायला हवं. नाही आलं तर संख्या निम्मी करायची. बंद करायचं नाही.

याच्याबरोबर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवणंही झालं. दुखण्याच्या या टप्प्यात सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे कळ कमी करू शकतं. मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर चढते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीत आणि साखर तपासत घ्यायचं. काकूंची साखर आधी आटोक्यात आणून मग डॉक्टरांनी ते दिलं.

जाण्याआधी ताईंनी त्यांना एक काम सांगितलं: “घरी सुनेला दाखवणार तसं आता मला करून दाखवा.” काकूंनी लाटण्याचा व्यायाम करताना कोपर अंगापासून दूर नेलं. तिथल्या तिथे दुरुस्ती झाली. काखेत घडी घातलेला नॅपकिन ठेवला की कोपर सुटत नाही. मग दुसरा प्रश्न: हे रोज होईल याची खात्री दहापैकी किती? काकू म्हणाल्या, पाच. सातपेक्षा कमी आलं की ताई योजना बदलतात, पेशंटला रागवत नाहीत. अडचण कुठे, ते निघालं. दुपारी दुकान असतं. तिसरी वेळ रात्री मालिका बघताना ठरली आणि खात्री आठवर गेली.

तरीही दुसऱ्या आठवड्यात काकू रडवेल्या होऊन आल्या. व्यायाम तीन दिवस करून सोडला होता, रात्रीचं दुखणं परत आलं होतं. “किती वेळा करत होतात?” असं विचारल्यावर कळलं, की लवकर बरं व्हावं म्हणून त्या एका बैठकीत पन्नास-साठ वेळा करत होत्या. कंटाळा किंवा टाळाटाळ समजून कुणी उपदेश केला असता, तर हे बाहेर आलंच नसतं. ताईंनी संख्या पाचवर आणली आणि वेळा पाच केल्या. चार दिवसांनी फोन करून झोपेचीच चौकशी केली. अंश नंतर वाढतात, आधी झोप सुधारते, हा त्यांचा अनुभव. काकूंनाही तेच झालं.

टाळणारा पेशंट वेगळा असतो, असं त्या म्हणतात. त्याला भीती नसते. त्याला मशीन हवं असतं. “मॅडम, शेक द्या, करंट लावा, व्यायाम घरी बघतो.” मशीनने थोडा वेळ आराम पडतो, आखडलेली पिशवी सुटत नाही, हे त्या स्पष्ट सांगतात. पण नुसतं सांगून भागत नाही. म्हणून शेकाआधी आणि नंतर कोन मोजतात, मग व्यायाम करवून पुन्हा मोजतात, आणि आकडे पेशंटलाच वहीत लिहायला लावतात. बहुतेकांना तिसऱ्या आकड्यानंतर काही सांगावं लागत नाही. ज्यांना लागतं, त्यांना त्या रोजचा एकच व्यायाम देतात. चार व्यायाम न करण्यापेक्षा तो एक झालेला त्यांना चालतो.

काकूंचा बाहेर फिरणारा कोन सहा आठवड्यांत दहावरून पंचवीसवर आला, दुखणं तीनवर. सांधा शांत झाल्यावर मगच टोकाला पंधरा-वीस सेकंद धरायचे ताण, पाठीमागे टॉवेल धरून हात वर नेणं, आणि शेवटी रबर बँडने ताकदीचे व्यायाम आले. साडेचार महिन्यांनी वेणी घालता आली, मान थोडी झुकवून. कोन पंचेचाळीस होता, साठ नव्हता. पाठीमागे हात नेण्यात थोडी कसर राहिली. मधुमेहात ती काहींना कायमही राहते आणि ताईंनी ते आधीच सांगितलेलं होतं.

शेवटच्या भेटीत त्यांनी डावा खांदा पुन्हा मोजला. एका खांद्याला झालेलं काहींना पुढे दुसऱ्यालाही होतं. काकूंना घरी करायची तपासणी शिकवली: महिन्यातून एकदा दोन्ही कोपर कमरेशी ठेवून पंजे बाहेर उघडायचे. डावा पूर्वीपेक्षा कमी उघडू लागला किंवा त्या कुशीवर झोप लागेना झाली, तर चार महिने वाट न पाहता त्याच आठवड्यात यायचं.